मनगटावरची न दुखणारी गाठ: सुईने काढावी की तशीच राहू द्यावी?

प्रश्न: माझे वय ३१ आहे, बँकेत काम करते. सात-आठ महिन्यांपासून उजव्या मनगटाच्या वरच्या बाजूला बोराएवढी गाठ आहे. दुखत नाही. कधी मोठी दिसते, कधी जवळजवळ नाहीशी होते. जवळच्या डॉक्टरांनी 'गँग्लिऑन आहे, सुईने पाणी काढून टाकू' असे सांगितले. सासूबाई म्हणतात की दाबून फोडली की जाते. काय करावे? पुढे कॅन्सर होण्याची भीती आहे का?

उत्तर:

तुमच्या वर्णनातला सर्वांत उपयोगी तपशील तुम्ही सहज लिहून गेला आहात: गाठ कधी मोठी दिसते आणि कधी जवळजवळ नाहीशी होते. कर्करोगाची गाठ अशी मागे-पुढे होत नाही. ती वाढते किंवा आहे तेवढी राहते. ज्या गाठीत द्रव असून जिचा सांध्याशी संबंध आहे, ती मात्र हाताला काम पडले की फुगते आणि विश्रांती मिळाली की उतरते. त्यामुळे गँग्लिऑन हे तुमच्या डॉक्टरांचे निदान बहुधा बरोबर आहे. गँग्लिऑनचा पुढे कर्करोग होत नाही. राहिला सुईचा प्रश्न. गाठ दुखत नसेल, हाताच्या कामात अडथळा आणत नसेल आणि तपासणीत निदानाबद्दल शंका उरलेली नसेल, तर मी ती काढायला सांगत नाही.

ही गाठ येते कुठून, हे समजले की पुढचे सगळे आपोआप उलगडते. मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसलेली असतात. त्यांतल्या स्कॅफॉइड आणि ल्युनेट या शेजारच्या दोन हाडांना एक आखूड, चिवट अस्थिबंध बांधून ठेवतो. मनगटाच्या वरच्या बाजूची बहुतेक गँग्लिऑन या अस्थिबंधाच्या किंवा त्यावरच्या सांध्याच्या आवरणाच्या जागी उगम पावतात. तिथून एक बारीक देठ निघतो, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांच्या मधून वाट काढत वर येतो आणि त्वचेखाली फुग्यासारखा पसरतो. आपल्याला दिसतो तो फक्त फुगा. देठ आत राहतो आणि बाहेरून कळत नाही. या देठाची रचना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेसारखी असावी, असे मानले जाते. मनगट हलले की द्रव आतून बाहेर ढकलला जातो, पण तितक्या सहज परत जात नाही. फुग्यात अडकलेला द्रव घट्ट होत जातो. त्याला 'पाणी' म्हणण्याची पद्धत आहे, पण प्रत्यक्षात तो केसांना लावायच्या पारदर्शक जेलइतका चिकट असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, सुईच्या वेळी तिचा संबंध येणार आहे.

निदान पक्के करायला बहुतेकदा हात आणि उजेड पुरतो. मी रुग्णाला मनगट खाली, तळहाताच्या दिशेने वाकवायला सांगतो. गँग्लिऑन असेल तर ते ताणलेल्या त्वचेखाली ठळक होते, आणि तर्जनी व मधले बोट यांच्या रेषेत मागे आल्यावर मनगटावर जो मऊसर खळगा लागतो, साधारण तिथेच ते सापडते. नंतर खोलीतले दिवे मालवून छोटा टॉर्च गाठीला बाजूने टेकवतो. आत द्रव असेल तर गाठ कंदिलासारखी लालसर उजळते, भरीव असेल तर काळोखीच राहते. ही चाचणी फार लहान किंवा खोल गाठीत फसते आणि चरबीची गाठही कधी थोडी उजळते, म्हणून तिच्या एकटीवर मी विसंबत नाही. शेवटी बोटे उघड-मीट करायला लावतो. बोटांबरोबर गाठही पुढे-मागे सरकत असेल तर ती सांध्याची नसून कंडरेच्या आवरणाची असण्याची शक्यता असते, आणि मग विचाराची दिशाच बदलते. लांबट, पिठाच्या गोळ्यासारखी पिचपिचीत, बोटांबरोबर हलणारी सूज संधिवातात दिसते. आपल्याकडे ती क्षयरोगातही दिसते आणि तिथे सुईपेक्षा रक्ताची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास तुकडा तपासणे महत्त्वाचे ठरते.

ही सगळी तपासणी दोन-तीन मिनिटांत होते, पण ती टाळली तर काय होते ते मी स्वतः अनुभवले आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मनगटाच्या वर गाठ असलेला एक तरुण आला. जागा थोडी पुढे, तळव्याच्या लांब हाडांच्या बुडाशी होती आणि हाताला ती टणक लागत होती. मी घाईत 'गँग्लिऑन' म्हणून मोकळा झालो आणि सुई घातली. सुई हाडावर टेकली आणि सिरिंज कोरडी राहिली. ती गाठ नव्हतीच. दुसऱ्या-तिसऱ्या बोटांच्या लांब हाडांच्या बुडाशी वाढलेला हाडाचा उंचवटा होता, ज्याला कार्पल बॉस म्हणतात. साधा एक्स-रे आधी काढला असता तर त्या मुलाला विनाकारण टोचून घ्यावे लागले नसते. तेव्हापासून गाठ दगडासारखी टणक लागली की सुई बाजूला ठेवून मी आधी एक्स-रे पाहतो. तुमची गाठ लहान-मोठी होते, त्यामुळे ही शक्यता तुमच्या बाबतीत कमी आहे.

आता, तशीच ठेवली तर तिचे काय होते? या प्रश्नाला ब्रिटनमधल्या लेस्टरच्या शल्यचिकित्सकांनी २००७ साली बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर दिले. मनगटाच्या वरच्या गँग्लिऑनच्या २३६ रुग्णांना त्यांनी सरासरी सहा वर्षांनी पुन्हा विचारले. काहींची गाठ शस्त्रक्रियेने काढली होती, काहींची सुईने रिकामी केली होती आणि काहींना काहीच केले नव्हते. काहीच न केलेल्या ५५ गाठींपैकी २३ आपोआप नाहीशा झाल्या होत्या. सुईने रिकामी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक परत आल्या होत्या आणि शस्त्रक्रियेनंतर परत आलेल्यांचे प्रमाणही शंभरात ३९ होते. दुखणे आणि दिसण्याबद्दलची तक्रार तिन्ही गटांत कमी झाली होती. सहा वर्षांच्या अंतराने पाहता उपचारांनी लक्षणांत मोठा जास्तीचा फायदा दिसला नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: शस्त्रक्रिया करून घेतलेले लोक अधिक समाधानी होते, गाठ परत आली तरीसुद्धा. 'आपण काहीतरी केले' याचे समाधान औषधासारखे काम करते, हे मी रोज पाहतो. ते खोटे नाही, पण त्याची किंमत आधी कळलेली असावी.

२०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या एका आढाव्यात आकडे थोडे वेगळे आहेत, दिशा तीच आहे. सुईनंतर सुमारे ५९ टक्के गाठी परत आल्या आणि नेहमीच्या उघड्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे २१ टक्के. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. हा शेवटचा आकडा या कामात हात बसलेल्या शल्यचिकित्सकांचा आहे, त्यामुळे तो कोणत्याही रुग्णालयाला लावता येत नाही.

सुई प्रत्यक्षात कशी घालतात, ते एका रुग्णाच्या निमित्ताने सांगतो. घरून डबे पुरवणाऱ्या, ३८ वर्षांच्या एक बाई आल्या. रोज दीडशेच्या आसपास पोळ्या होत. उजव्या मनगटावर साधारण दोन सेंटिमीटरची गाठ होती. लाटताना काही होत नसे, पण कणीक तिंबताना, म्हणजे मनगट मागे वाकवून त्यावर अंगाचा भार टाकताना, आणि जमिनीवरून हात टेकून उठताना आत खोल कळ येई. गाठ उजेडात छान उजळत होती, एक्स-रे स्वच्छ होता. त्वचा निर्जंतुक करून मी आधी बारीक सुईने जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा एक ठिपका दिला आणि मग १८ गेजची सुई घातली. ही सुई रक्त तपासणीला वापरतात त्याहून बरीच जाड असते. बारीक सुईतून तो चिकट द्रव येतच नाही आणि डॉक्टर 'आत काही नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढतात. दहा मिलिलीटरच्या सिरिंजने ओढ देत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने गाठ दाबत राहिल्यावर दीड मिलिलीटरच्या आसपास स्वच्छ, रंगहीन जेली आली. बाईंनी सिरिंजकडे पाहून 'अहो, हा तर साबुदाण्याचा चीक' असे म्हटले, आणि त्याहून नेमके वर्णन मला अजून सुचलेले नाही. जेलीच्या ऐवजी गढूळ, पूसदृश किंवा रक्ताळ काही आले असते, तर ते तपासणीसाठी पाठवावे लागले असते.

गाठ सपाट झाली आणि पुढचे पाच आठवडे कणीक तिंबताना कळ आली नाही. सहाव्या आठवड्यात किंचित फुगवटा दिसू लागला आणि दहाव्या आठवड्यात गाठ पूर्ववत झाली. तिच्यासोबत दुखणेही परतले. यात आश्चर्य नाही, कारण सुईने फुगा रिकामा होतो, देठ तसाच राहतो. तरीही ती सुई वाया गेली असे मी मानत नाही. तिने दोन गोष्टी सिद्ध केल्या: आत जेलीच होती, आणि दुखणे त्या गाठीमुळेच होते. गाठ रिकामी होऊनही कळ तशीच राहिली असती, तर शस्त्रक्रियेने ती जाईल असे मी त्यांना सांगू शकलो नसतो, आणि अस्थिबंधाला दुखापत आहे का हे शोधायला एमआरआय करून घेतला असता.

माझ्या मते सुईचा उपयोग नेमका इथे आहे. दुखणाऱ्या गाठीत ती निदानाला मदत करते आणि काही काळ आराम देते. कायमचा उपाय म्हणून तिच्यावर पैसे खर्च करू नयेत. न दुखणाऱ्या गाठीत तर तिच्याकडून शिकण्यासारखेही फार थोडे उरते. अपवाद एकच: रुग्णाला गाठीच्या भीतीने झोप लागत नसेल, तर आतली जेली डोळ्यांनी पाहिल्यावर ती भीती जाते, आणि तेवढ्यासाठी एकदा सुई घालायला माझी हरकत नसते. मात्र गाठ तळहाताच्या बाजूला, अंगठ्याच्या बुडाशी असेल तर दवाखान्यात सहज सुई घालू देऊ नका. तिथे नाडी पाहतात ती धमनी गाठीला अगदी चिकटून, कधी तिच्यावरून जाते. तुमची गाठ वरच्या बाजूची आहे, त्यामुळे हा धोका तुम्हाला नाही.

सुई घालताना 'आत थोडे स्टेरॉइडही सोडू, म्हणजे परत येणार नाही' असे कोणी सुचवले, तर नम्रपणे नको म्हणा. त्याने गाठ परत येण्याचे प्रमाण निश्चितपणे कमी होते असे दिसलेले नाही. उलट त्वचेखालची चरबी विरून खळगा पडणे आणि त्या जागी त्वचा पांढरी पडणे हे परिणाम ठाऊक आहेत. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर तो डाग उठून दिसतो. दुसरीकडे असे इंजेक्शन घेतलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिच्या मनगटावर रुपयाएवढा पांढरट डाग होता आणि त्याच्या मधोमध गाठ पुन्हा डोके वर काढत होती. डाग कमी व्हायला वर्षाहून जास्त काळ लागला. गाठ दिसते म्हणून ती उपचाराला गेली होती आणि गाठीपेक्षा जास्त दिसणारी गोष्ट घेऊन परतली.

सासूबाईंचे म्हणणे पूर्णपणे निराधार नाही. जोरात दाबून किंवा जाड पुस्तक आपटून गाठ फोडण्याची पद्धत युरोपातही होती, म्हणून इंग्रजीत तिला बायबलचे नाव चिकटले. फुगा फुटतो, जेली आजूबाजूच्या ऊतींत पसरून शोषली जाते आणि काही दिवस सगळे सपाट दिसते. मात्र देठ राहतोच, आणि आपटताना मनगटाचे लहान हाड मोडण्याचा किंवा अस्थिबंध दुखावण्याचा धोका फुकटचा पत्करावा लागतो. गाठीवर बिब्बा लावण्याचा सल्लाही काही घरांत मिळतो. तो मात्र कटाक्षाने टाळा; बिब्ब्याने त्वचा भाजते, फोड येतात, जखम चिघळते, आणि त्याखालच्या गाठीला काहीच होत नाही.

डबेवाल्या बाईंनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि ती कधी करायची हे त्यांनी माझ्यापेक्षा शहाणपणाने ठरवले: मे महिन्यात, जेव्हा त्यांचे विद्यार्थी ग्राहक गावी जातात. फक्त हात बधिर करून, दंडाला पट्टा बांधून रक्तपुरवठा थांबवून हे काम होते. त्वचेच्या सुरकुतीच्या रेषेत आडवा छेद घेऊन, कंडरा बाजूला सारून, फुग्याच्या देठाचा माग काढत थेट अस्थिबंधापर्यंत जावे लागते. देठाच्या मुळाशी असलेला सांध्याच्या आवरणाचा छोटा तुकडाही फुग्याबरोबर काढतात. फक्त वरचा फुगा कापला तर शस्त्रक्रियेनंतरही गाठ सुईइतक्याच सहज परत येते. उलट फार खोल, हात मोकळा सोडून कापले तर तो अस्थिबंधच दुखावतो आणि मनगट कायमचे सैल पडू शकते. हे काम दिसते तितके किरकोळ नसण्याचे कारण हेच.

बाईंच्या टाक्यांवर दोन आठवडे पट्टी होती. त्यानंतर मनगट मागे लवकर वाकू लागले, पण खाली, तळहाताच्या दिशेने, पूर्ण वाकायला दोन महिने लागले. कपडे पिळताना ते विशेष जाणवे. व्रणाच्या शेजारी नखाएवढा भाग अजूनही किंचित बधिर आहे, कारण त्या परिसरातून त्वचेच्या संवेदनेच्या बारीक नसा जातात. दीड वर्षात गाठ परतलेली नाही आणि कणीक तिंबता येते, म्हणून त्या समाधानी आहेत. आधी उल्लेख केलेल्या एकत्रित आढाव्यात उघड्या शस्त्रक्रियेनंतर शंभरात सुमारे १४ जणांना काही ना काही गुंतागुंत झाली होती. दुखणाऱ्या गाठीच्या बदल्यात हा सौदा परवडतो. न दुखणाऱ्या गाठीच्या बदल्यात व्रण, दोन महिन्यांचा ताठरपणा आणि बधिर डाग घेणे मला पटत नाही. केवळ दिसण्यासाठी गाठ नको असेल, तर तीही खरी गरज आहे आणि मी तिला हसत नाही. लग्न ठरायच्या आधी आईबरोबर येणाऱ्या मुलींना मी इतकेच विचारतो, की गाठ जाऊन तिथे दोन-तीन सेंटिमीटरची रेघ कायमची राहिली तर चालेल का.

तुमच्यापुरते बोलायचे तर एकदा हाडांच्या किंवा हाताच्या शल्यचिकित्सकाकडून वर सांगितलेली साधी तपासणी करून घ्या. त्यांना शंका वाटली तरच सोनोग्राफी लागेल. नंतर गाठीशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, आणि दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी उठल्यावर, तसाच फोटो काढत जा. दिवसभराच्या कामानंतर ती मोठीच दिसते आणि रोज पाहून घाबरायला होते. टायपिंग सोडण्याची गरज नाही, टायपिंगमुळे ही गाठ होते असे सिद्ध झालेले नाही. सूर्यनमस्कार किंवा जोर काढताना मनगटात कळ येऊ लागली, तर तळवा टेकवण्याऐवजी काही दिवस मूठ टेकवून मनगट सरळ ठेवा. तेवढ्याने अनेकांची तक्रार मिटते आणि सुईचा विषय मागे पडतो.

पुन्हा डॉक्टरांकडे जाण्याची कारणे मोजकी आहेत. काही आठवड्यांत गाठ झपाट्याने वाढली आणि उतरेनाशी झाली, टणक होऊन खालच्या भागाला चिकटल्यासारखी वाटली, रात्री झोपमोड होईल असे दुखू लागले, बोटांना मुंग्या आल्या किंवा एखादे बोट वर उचलायला जड जाऊ लागले, तर तीन महिने थांबू नका. सुई घातल्यानंतर ती जागा लाल, गरम होऊन ठणकू लागली तर त्याच दिवशी दाखवा. द्रवाची ही वाट सांध्यापर्यंत जाते, आणि तिथे पोहोचलेला जंतुसंसर्ग मनगटाचे जे नुकसान करील ते या बोराएवढ्या गाठीने कधीच केले नसते.